सीजीपीए ७.४६ म्हणजे किती टक्के, आणि प्रत्येक विद्यापीठाचं सूत्र वेगळं का?

प्रश्न: मी २०१७ साली मुंबई विद्यापीठातून बी.ई. झालो. दहापैकी सीजीपीआय, म्हणजे आमच्याकडचा सीजीपीए, ७.४६ आहे. नोकरीच्या अर्जात टक्केवारी मागतात. एक मित्र म्हणतो ९.५ ने गुण, दुसरा म्हणतो सरळ १० ने, कॉलेजमधल्या सीनियरने ७.४ ने गुणून १२ मिळवायला सांगितलं. पुण्यात शिकलेल्या चुलतभावाचं सूत्र आणखीनच वेगळं. यातलं खरं कोणतं आणि एवढा फरक का?

उत्तर: तुमच्या सीनियरचं बरोबर आहे. तुमच्या वेळच्या मुंबईच्या अभियांत्रिकीच्या ग्रेडिंगसाठी सीजीपीआय ७ किंवा जास्त असेल तर ७.४ ने गुणून १२ मिळवायचे, ७ पेक्षा कमी असेल तर ७.१ ने गुणून १२ मिळवायचे.

```
सीजीपीआय ७ पेक्षा कमी :  टक्के = ७.१ × सीजीपीआय + १२
सीजीपीआय ७ किंवा जास्त :  टक्के = ७.४ × सीजीपीआय + १२

७.४ × ७.४६ + १२ = ५५.२० + १२ = ६७.२०
```

अर्जात ६७.२० भरा. ९.५ ने गुणलं तर ७०.८७ येतात आणि १० ने गुणलं तर ७४.६०. म्हणजे एकाच गुणपत्रिकेवरून सात टक्क्यांहून जास्त फरक पडतो. भरतीत साठ टक्क्यांची अट असेल तर तुम्हाला यातल्या कुठल्याच आकड्याने अडणार नाही, पण चुकीचा आकडा भरलात तर कागदपत्र तपासणीच्या टेबलावर अडू शकतं. मी बरीच वर्षं परीक्षा विभागात आणि प्रवेशाच्या कागदपत्र तपासणीत काम केलं आहे, आणि या एका रकान्यावरून अडलेली मुलं सतत पाहिली आहेत. त्यामुळे नुसतं सूत्र सांगून थांबत नाही, ते कुठून येतं तेही सांगतो. ते एकदा कळलं की कुठल्याही विद्यापीठाचं सूत्र समोर आलं तरी ते पटण्यासारखं आहे की नाही, हे तुम्हालाच तपासता येईल.

सगळी गोम आहे गुणांवरून ग्रेड देण्याच्या तक्त्यात. तुमच्या वेळचा तक्ता असा होता: ८० आणि त्याहून जास्त गुण असतील तर ओ ग्रेड, १० पॉइंट. ७५ ते ७९.९९ ला ए, ९ पॉइंट. ७० ते ७४.९९ ला बी, ८ पॉइंट. ६० ते ६९.९९ ला सी, ७ पॉइंट. ५० ते ५९.९९ ला डी, ६ पॉइंट. ४५ ते ४९.९९ ला ई, ५ पॉइंट. ४० ते ४४.९९ ला पी, ४ पॉइंट. हा तक्ता नीट पाहा. वरचा गट तब्बल वीस गुणांचा आहे, त्याखालचे दोन पाच-पाच गुणांचे, मग दोन दहा-दहाचे आणि शेवटी पुन्हा दोन पाच-पाचचे. पॉइंट मात्र प्रत्येक पायरीला एकानेच वाढतो. ७४ गुणांवरून ७५ वर गेलात की एक पॉइंट मिळतो, आणि ८० वरून ९९ वर गेलात तरी काहीच मिळत नाही.

आता सीनियरच्या सूत्रात एकेक पॉइंट घालून बघा. ४ घातले तर ४०.४ टक्के येतात, ५ ला ४७.५, ६ ला ५४.६, ७ ला ६३.८, ८ ला ७१.२, ९ ला ७८.६ आणि १० ला ८६. प्रत्येक उत्तर आपापल्या ग्रेडच्या गटातच पडतं. ८ पॉइंट म्हणजे ७० ते ७४.९९, आणि सूत्र सांगतं ७१.२. ९ पॉइंट म्हणजे ७५ ते ७९.९९, सूत्र सांगतं ७८.६. एवढ्या आडव्यातिडव्या तक्त्यातून एक सरळ रेषा नेणं सोपं नसतं, म्हणून ७ वर रेषेचा चढ बदलला आहे. ७.१, ७.४ आणि १२ हे आकडे वरवर कुठूनही उचललेले वाटतात, पण ते या तक्त्याला बसवलेले आहेत.

याच तक्त्यावर ९.५ चालवून पाहा. ८ पॉइंटला ७६ टक्के येतात. पण ८ पॉइंट मिळाले याचा अर्थच त्या विषयात ७५ पेक्षा कमी गुण आहेत. ९ पॉइंटला ८५.५ येतात, आणि ८० च्या वर गुण असते तर ग्रेड ओ झाली असती. म्हणजे हे सूत्र मुंबईच्या तक्त्याच्या तोंडावरच खोटं पडतं.

मग ९.५ आलं कुठून? सीबीएसईच्या दहावीतून. २०१० नंतरची काही वर्षं, २०१७ पर्यंत, सीबीएसई दहावीच्या निकालात गुणांऐवजी ग्रेड आणि सीजीपीए देत होती. त्यांच्या तक्त्यातले गट जवळजवळ सारख्या रुंदीचे होते: ९१ ते १०० ला १० पॉइंट, ८१ ते ९० ला ९, ७१ ते ८० ला ८, असं खाली ४१ ते ५० ला ५ पर्यंत, आणि ३३ ते ४० ला ४. वरच्या गटातल्या मुलांचे सरासरी गुण ९५ च्या आसपास येतात हे पाहून त्यांनी ९५ ला १० ने भागलं आणि ९.५ हा गुणक दिला. त्यांच्या तक्त्यावर तो अगदी नीट बसतो. ९ पॉइंटला ८५.५, म्हणजे ८१ ते ९० च्या बरोबर मधला आकडा. ६ ला ५७, तोही ५१ ते ६० च्या आतच. या काळात दहावी झालेल्या लाखो मुलांच्या डोक्यात ९.५ बसला आणि तीच मुलं पुढे इंजिनिअरिंगला आली, तेव्हा त्यांनी तोच गुणक तिथेही लावायला सुरुवात केली. दिल्ली विद्यापीठानेही ९.५ वापरला आहे, त्यामुळे तो सगळीकडेच चालतो असा समज आणखी पक्का झाला. गुणक मुळात चुकीचा नाही, पण तो त्याच्या तक्त्याबाहेर नेला की चुकतो.

हे नुसत्या पॉइंटवर पटत नसेल तर एक सेमिस्टर घेऊ. समजा एका मुलीचे सहा विषय आहेत. चार क्रेडिटच्या तीन विषयांत तिला ७९, ६१ आणि ७० गुण आहेत. तीन क्रेडिटच्या दोन विषयांत ६० आणि ५०. दोन क्रेडिटच्या प्रॅक्टिकलमध्ये ८२. एकूण क्रेडिट वीस झाले.

ग्रेड पॉइंट अनुक्रमे ९, ७, ८, ७, ६ आणि १०. प्रत्येकाला त्याच्या क्रेडिटने गुणलं की ३६, २८, ३२, २१, १८ आणि २० येतात. बेरीज १५५. वीसने भागलं की ७.७५. हा तिचा त्या सेमिस्टरचा निकाल.

आता पॉइंट बाजूला ठेवून मूळ गुणांचीच क्रेडिटनुसार सरासरी काढू. ७९ चोक ३१६, ६१ चोक २४४, ७० चोक २८०, ६० त्रिक १८०, ५० त्रिक १५० आणि ८२ दुणे १६४. बेरीज १,३३४, आणि वीसने भागलं की ६६.७ टक्के. विद्यापीठाचं सूत्र ७.७५ ला देतं ६९.३५. म्हणजे तिच्या प्रत्यक्ष गुणांपेक्षा २.६५ टक्के जास्तच.

तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलाला सगळ्या विषयांत तिच्याइतक्याच ग्रेड आहेत, पण प्रत्येक ग्रेडच्या वरच्या टोकाला: ७९, ६९, ७४, ६९, ५९ आणि प्रॅक्टिकलमध्ये १००. त्याचीही गुणपत्रिका ७.७५ च सांगते. मूळ गुणांची सरासरी मात्र ७३.६ आहे. आणि एखाद्याला प्रत्येक ग्रेडच्या खालच्या टोकाला गुण असते, म्हणजे ७५, ६०, ७०, ६०, ५० आणि ८०, तर सरासरी ६५.५ आली असती. ग्रेड तेच, सीजीपीआय तोच, आणि खरे टक्के ६५.५ पासून ७३.६ पर्यंत कुठेही असू शकतात. सूत्राने दिलेले ६९.३५ जवळपास मधोमध पडतात.

आता ७.७५ ला ९.५ ने गुणा. ७३.६३ येतात. या ग्रेडमध्ये पूर्ण गुणांनी मिळू शकणारी सगळ्यात मोठी सरासरीसुद्धा ७३.६ च आहे, आणि हा आकडा तिच्याही वर गेला. १० ने गुणलं तर ७७.५, म्हणजे या गुणपत्रिकेवर कुणालाही मिळूच शकत नाहीत इतके टक्के. मी तपासणीला बसायचो तेव्हा संशय यायला सूत्र पाठ असण्याची गरज पडत नसे. ग्रेडचा तक्ता समोर ठेवून भरलेली टक्केवारी या ग्रेडमध्ये शक्य तरी आहे का, एवढं पाहिलं की काम व्हायचं. तुम्हीही कुठल्याही सूत्रावर हीच कसोटी लावा.

याच उदाहरणात सूत्राची मर्यादाही आहे. ग्रेड दिली त्या क्षणी गटातले वरचे-खालचे गुण पुसले जातात, आणि कुठलंही सूत्र ते परत आणू शकत नाही. म्हणून टक्केवारीला अंदाजे म्हणतात. सगळ्यात जास्त फटका बसतो तो वरच्या टोकाला असलेल्यांना. मुंबईच्या तक्त्यात पूर्ण १० सीजीपीआय आला तरी सूत्र ८६ वर थांबतं, मग त्याची प्रत्यक्ष सरासरी ९३ का असेना. उलट ५ च्या खाली सीजीपीआय असेल तर विद्यापीठाचं सूत्र ९.५ पेक्षा जास्त देतं. बरोबर ५ ला दोन्ही ४७.५ देतात. त्यानंतर मात्र, ७ चा टप्पा सोडला तर, अंतर वाढत जातं. म्हणून सूत्राबद्दलची तक्रार नेहमी हुशार मुलांकडून येते, आणि ती रास्तही आहे.

आणखी एक ठिकाण लक्षात ठेवा. ७ वर सूत्र बदलतं तिथे छोटी उडी आहे. ६.९९ ला ६१.६३ टक्के होतात आणि ७.०० ला थेट ६३.८०. यामुळे प्रत्येक सेमिस्टरची वेगळी टक्केवारी काढून त्यांची सरासरी घेतली तर उत्तर वेगळं येऊ शकतं. काही सेमिस्टर ७ च्या वर आणि काही खाली असलेल्या मुलांच्या बाबतीत हा घोळ हमखास होतो. सेमिस्टरचे टक्के काढत बसू नका. शेवटच्या गुणपत्रिकेवर छापलेला सीजीपीआय घ्या आणि सूत्र एकदाच लावा.

तुमच्या चुलतभावाचं सूत्र वेगळं का, ते आता सांगणं सोपं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने श्रेयांक पद्धत आणताना दहा पॉइंटची मोजपट्टी सुचवली, ओ ला १० पासून पी ला ४ पर्यंत. पण कुठल्या ग्रेडला किती गुण लागतील, हे ठरवण्याची मोकळीक विद्यापीठांकडे राहिली. तक्ते वेगळे झाले म्हणून सूत्रंही वेगळी झाली. पुण्याच्या अभियांत्रिकीचं सूत्र तर तुकड्यातुकड्यांचं आहे. सीजीपीए ६.७५ ते ८.२५ मध्ये असेल तर १० ने गुणून ७.५ वजा करायचे, ५.७५ ते ६.७५ मध्ये असेल तर ५ ने गुणून २६.२५ मिळवायचे. ६.७५ ला दोन्हीकडून बरोबर ६० येतात. प्रथम श्रेणीची साठची रेषा एका नेमक्या पॉइंटला बांधली आहे, आणि तिच्या खाली-वर रेषेचा चढ वेगळा ठेवला आहे.

१० ने गुणून साडेसात वजा करणं म्हणजेच सीजीपीएमधून ०.७५ वजा करून १० ने गुणणं. हे सूत्र तुम्हाला देशभर भेटेल. एआयसीटीईने दिलेल्या तक्त्यात ६.२५ म्हणजे ५५ टक्के, ६.७५ म्हणजे ६०, ७.२५ म्हणजे ६५, अशी जुळणी होती, आणि कोलकात्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठापासून अनेकांनी ती उचलली. गुजरात तंत्रशास्त्र विद्यापीठ ०.७५ ऐवजी ०.५ वजा करतं. चेन्नईचं अण्णा विद्यापीठ काहीच वजा न करता सरळ १० ने गुणतं. या तिघांतला फरक असा समजून घ्या: दहा-दहा गुणांचे समान गट धरले, म्हणजे ८ पॉइंटला ७१ ते ८०, तर १० ने गुणणारं सूत्र प्रत्येकाला गटाच्या वरच्या टोकाचे ८० देतं. ०.५ वजा करणारं मधले ७५ देतं. ०.७५ वजा करणारं मधल्यापेक्षा थोडं खाली, ७२.५ वर थांबतं. म्हणून १० ने गुणण्यात खोट नाही, फक्त ते सढळ हाताचं आहे. पण ती सढळता अण्णा विद्यापीठाने आपल्या मुलांना नियमात लिहून दिलेली आहे. तुमच्या विद्यापीठाने दिलेली नाही.

योगायोग म्हणजे तुमच्या ७.४६ ला पुण्याचं सूत्र ६७.१० देतं, मुंबईच्या ६७.२० ला जवळजवळ चिकटून. या भागात बऱ्याच विद्यापीठांच्या रेषा एकमेकींजवळून जातात. तुम्ही आणि चुलतभाऊ यांच्यात फार मोठी तफावत नाही. खरी तफावत आहे ती तुमच्या मित्रांच्या ९.५ आणि १० मध्ये.

तुमच्यापेक्षा नंतर मुंबईतून बाहेर पडलेल्या मुलांकडून तुम्हाला ७.२५ ने गुणून ११ मिळवा असंही ऐकायला मिळेल. त्याने तुमचे ६५.०९ होतील. गोंधळून जाऊ नका. अभ्यासक्रमाचा पॅटर्न बदलला की ग्रेडिंगही बदलू शकतं, आणि सूत्र तुम्ही ज्या पॅटर्नमध्ये पास झालात त्याला बांधलेलं असतं. त्याच विद्यापीठातल्या वाणिज्य शाखेचं किंवा दोन वर्षं मागच्या बॅचचं सूत्र तुमचं असेलच असं नाही. गुणपत्रिकेच्या मागच्या बाजूला ग्रेडचा तक्ता आणि बऱ्याचदा सूत्रही छापलेलं असतं. ते आधी वाचा.

ज्या संस्थांत तुलनात्मक ग्रेडिंग असतं तिथे ही सगळी खटपट आणखी लटकी पडते. आयआयटी मुंबईत एए ग्रेडला १० पॉइंट असतात, पण एए किती गुणांना मिळणार हे वर्गाच्या कामगिरीवर ठरू शकतं. एखाद्या कठीण पेपरला ६२ गुणांनाही एए मिळू शकते. अशा पॉइंटवरून मूळ गुण काढण्याचा मार्गच नाही. तिथलं सूत्र म्हणजे फक्त एक मान्य केलेला संकेत.

आता अर्जाकडे येऊ. साठ टक्क्यांची अट असेल तर तुमच्या सूत्राने ती ६.७७ सीजीपीआयला पूर्ण होते. ९.५ ने ती ६.३२ लाच पूर्ण झाल्यासारखी दिसते. ६.३२ ते ६.७६ या टापूतल्या मुलांवर सगळ्यात जास्त संकट येतं. ६.५० असलेला मुलगा ९.५ ने ६१.७५ भरतो, लेखी परीक्षा पास होतो, आणि मुलाखतीच्या दिवशी विद्यापीठाच्या सूत्राने त्याचे ५८.१५ निघतात. तिथे कुणी ऐकून घेत नाही, कारण अर्जात चुकीची माहिती भरली असा त्याचा अर्थ होतो. आयबीपीएसच्या जाहिरातीत तर स्पष्ट लिहिलेलं असतं की सीजीपीए असेल तर विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे टक्केवारी करून भरा आणि नंतर त्या नियमाचं विद्यापीठाचं प्रमाणपत्र दाखवा. तिथे ५९.९९ हे साठपेक्षा कमीच धरतात, वर ओढून साठ करत नाहीत. म्हणून दोन दशांश स्थळांपर्यंत काढा आणि पूर्णांकात नेऊ नका.

हे प्रमाणपत्र परीक्षा विभागातून मिळतं. त्यावर तुमचं नाव, बैठक क्रमांक, सीजीपीआय, सूत्र आणि टक्के हे सगळं एकत्र येईल असं मागा. नुसतं सूत्र छापलेलं परिपत्रक काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी चालत नाही. कॉलेजच्या प्राचार्यांच्या सहीचं पत्र हा दुसऱ्या क्रमांकाचा पर्याय आहे. संलग्न कॉलेज स्वतः पदवी देत नाही, त्यामुळे तपासणारा विद्यापीठाचा शिक्का मागू शकतो. मुलाखतीचं पत्र आल्यावर धावपळ करू नका. हे काम लागायला वेळ लागतो, म्हणून अर्ज भरतानाच विनंती देऊन ठेवा. तुमच्या गुणपत्रिकेवर ग्रेडसोबत विषयवार गुणही छापले असतील, तरी जाहिरातीत विद्यापीठाचं सूत्र मागितलं असेल तर स्वतः काढलेली सरासरी भरू नका.

पुढे परदेशी अर्ज करायचा झाला तर नियम उलटा होतो. अमेरिकेतली बरीच विद्यापीठं तुमच्या मोजपट्टीवरचाच आकडा मागतात. तिथे ७.४६ आणि कमाल १० असं जसंच्या तसं भरायचं, टक्केवारीत किंवा चारच्या मोजपट्टीत स्वतः बदलायचं नाही. डब्ल्यूईएससारख्या मूल्यांकन संस्था प्रत्येक विषयाची ग्रेड घेऊन आपल्या पद्धतीने रूपांतर करतात. त्यांना तुमचे ६७.२० लागतच नाहीत.